सेटला कंबर किती वर, आणि पोरगं पहिल्याच पावलाला उभं का राहतं

"सर, मी भुदरगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आठवी-नववीची सहा-सात पोरं शंभर मीटरला चांगली आहेत, पण क्राउच स्टार्ट जमत नाही. सेट म्हटलं की हात थरथरतात, क्लॅपर वाजला की पहिल्याच पावलाला ताडकन उभी राहतात, एक-दोघं तर तोंडावर पडतात. मैदान मातीचं, ब्लॉकचा एकच जोड. सेटला कंबर किती वर ठेवायची, कोन कसे बघायचे आणि पहिली तीन-चार पावलं कशी शिकवायची?"

मैदान मातीचं आहे हे चांगलंच झालं म्हणा. सिंथेटिक ट्रॅकवर पोरगं पळून गेलं की मागे काहीच उरत नाही. मातीवर त्याचं प्रत्येक पाऊल उमटून राहतं आणि मग वाद घालायला जागा नसते. मी कोल्हापुरात इतकी वर्षं पोरं पळवतोय, शाळेची आणि पोलीस भरतीचीही, पण अजून स्टार्ट शिकवताना पहिल्यांदा स्टॉपवॉच काढत नाही. आधी दंताळं काढतो. रेषेच्या पुढे पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पट्टा वरवर उकरायचा, सपाट करायचा आणि झारीनं हलकं पाणी मारायचं. तालमीतल्या हौद्याइतकी माती मऊ नको, पाय रुतेल. टाचेचा ठसा आणि चवड्याचा ठसा वेगळा ओळखू आला की पुरे.

आता तुमच्या तक्रारीकडे. उभं राहणं आणि तोंडावर पडणं हे दोन वेगळे दोष वाटतात, पण दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा सेटमध्येच असतं. पोराला "खाली राहा, खाली राहा" म्हणून ओरडून काही होत नाही. क्लॅपर वाजल्यावर त्याचं अंग तिकडेच जातं जिकडे सेटनं त्याला रोखून ठेवलेलं असतं.

एक उदाहरण सांगतो. पन्हाळ्याच्या बाजूची नववीतली मुलगी, उंची 152 सेंटीमीटर, बूट 23 सेंटीमीटरचा. तिच्या गावातल्या कोणीतरी तिला मोबाईलवर ऑलिम्पिकच्या धावपटूंचे स्टार्ट दाखवले होते, आणि ती त्यांच्यासारखीच बसायला बघायची. पुढचा ब्लॉक रेषेपासून जेमतेम एक बूट मागे, मागचा त्याच्या लगेच पाठीमागे. सेट म्हटलं की कंबर खांद्याच्या खालीच राहायची. पुढचा गुडघा इतका दुमडलेला की मांडी पोटाला टेकलेली. क्लॅपर वाजला की ती आधी वर उठायची आणि मग पुढे जायची. मातीत पहिला ठसा रेषेच्या पुढे 75 सेंटीमीटरवर, आणि तोही टाचेसकट पूर्ण पावलाचा. टाचेच्या पुढच्या बाजूला माती ढकलून तिचा छोटा बांध झाला होता. तो बांध म्हणजे ब्रेक. पाय अंगाच्या पुढे पडला, जमिनीनं तिला मागे रेटलं आणि धड त्या पायावर सरळ उभं राहिलं.

यात तिची चूक काय? घट्ट दुमडलेला गुडघा सरळ करायला पायात जबरदस्त ताकद लागते. ती मोठ्या धावपटूंकडे असते, चौदा वर्षांच्या मुलीकडे नसते. मग शरीर आपली सोय बघतं. आधी उभं राहून गुडघा उघडून घेतं. म्हणून नवशिक्याला मी नेहमी जरा ऐसपैस बसवतो आणि कंबर थोडी जास्तच वर ठेवतो.

मोजायचं कसं? पोराच्या स्वतःच्या बुटानं. रेषेपासून दोन बूट मागे पुढचा ब्लॉक, तीन बूट मागे मागचा. या मुलीसाठी ते 46 आणि 69 सेंटीमीटर झालं. पायानं लांब असलेल्या पोराला पुढचा ब्लॉक आणखी थोडा मागे लागतो, पण सुरुवात दोन-तीननंच करावी आणि मग दोन-दोन बोटं सरकवत जावं. पुढे कोणता पाय ठेवायचा यावर फार डोकं खपवू नका. साधारण ज्या पायावरून पोरगं लांब उडी मारतं तो पुढे. शंका असेल तर दोन्ही बाजूंनी पाच-पाच स्टार्ट घेऊन ठसे बघा.

ऑन युवर मार्कला मागचा गुडघा जमिनीवर, दोन्ही पावलं ब्लॉकला टेकलेली. हात खांद्याच्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर, अंगठा आणि तर्जनी रेषेला समांतर, पण रेषेला शिवायची नाहीत. बोटांचा कमान-पूल करायचा, तळवा टेकवायचा नाही. कोपर सरळ पण ताणून कुलूप घातलेलं नको.

सेट म्हटलं की एक श्वास घेत कंबर वर आणि किंचित पुढे. कंबर खांद्यापेक्षा जरा वर येते. तुमच्या वयोगटात हे अंतर चार बोटांपासून वीतभरापर्यंत चालतं. खांदे हाताच्या बरोबर वर किंवा अगदी थोडे पुढे. पुढच्या गुडघ्यात साधारण 90 अंशाचा कोन, मागच्यात 120 ते 130. ही आकड्यांची भीती पोरांना नको आणि तुम्हालाही कोनमापक नको. वहीचा कोपरा पुढच्या गुडघ्याच्या मागे धरून बघा, तो बसला की नव्वद झाले. मागच्या गुडघ्यासाठी घड्याळात चार वाजता दोन काट्यांमध्ये जी फट असते ती डोळ्यासमोर आणा. तो कोन 120 चा, मागचा गुडघा तितका किंवा त्याहून जरा जास्त उघडा हवा. मी आणखी एक गोष्ट बघतो, ती या दोन्हींपेक्षा पटकन कळते. बाजूनं पाहिलं तर दोन्ही नडग्या जवळजवळ एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत, दोन्ही पुढे झुकलेल्या. पुढची नडगी उभी राहिली की जोर वर जाणार, हे क्लॅपर वाजायच्या आधीच सांगता येतं.

मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर रेषेच्या बाजूला चार-पाच मीटरवर, पोराच्या कमरेच्या उंचीला फोन धरून बरोबर काटकोनात काढा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत कंबर नेहमी खाली दिसते, आणि मग शिक्षक नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. हे माझंच झालेलं आहे, एका पोराची कंबर मी पंधरा दिवस उगाच वर चढवत होतो.

आता हात थरथरण्याचं. खांदे फार पुढे गेले की सगळं वजन बोटांवर येतं. नखांकडे बघा, पांढरीफटक पडली असतील तर वजन जास्त झालं. पोराला वाटतं की जितकं पुढे झुकू तितकं लवकर सुटू. खरं तर हात उचलताच ते पडायलाच लागतं, आणि मागचा पाय वेळेत पुढे आला नाही की तोंडावर. तुमची पडणारी दोन पोरं बहुधा यातलीच. त्यांचे खांदे रेषेवर मागे आणा आणि वजन ब्लॉकवर द्यायला लावा.

"वजन ब्लॉकवर दे" हे सांगून कळत नाही, म्हणून मी एक खोडी करतो. मागच्या बुटाचा तळ आणि ब्लॉक यांच्यामध्ये जुन्या वहीचं एक पान सरकवतो. सेटमध्ये पोरगं स्थिर झालं की हळूच पान ओढतो. सहज निघून आलं तर मागचा पाय नुसता टेकवलेला आहे, दाबलेला नाही. पान फाटलं तर बरोबर. आठवीतल्या पोरांना हा खेळ फार आवडतो, आपसांत पैज लावतात. त्या मागच्या पायाचं काम थोडा वेळ चालतं पण ते झटक्याचं असतं. तो आधी सुटतो. पुढचा पाय जास्त वेळ ढकलत राहतो आणि एकूण रेट्यातला मोठा वाटा त्याचाच. मागचा पाय झोपलेला असेल तर पोरगं एका पायावर उठतं.

कोल्हापुरातला खास दोष सांगायला हवा. तालमीत जाणारी पोरं सेटमध्ये मान वर करतात. कुस्तीच्या पवित्र्यात समोरच्यावरून नजर हटवायची नाही ही त्यांची सवय, आणि ती तिथे बरोबरच आहे. इथे मान वर झाली की पाठीत खळगा पडतो, कंबर खाली बसते आणि सुटताना धड लगेच सरळ होतं. नजर रेषेच्या पुढे हातभर अंतरावरच्या मातीवर. मी तिथे एक खडा ठेवतो आणि सांगतो, "शर्यत संपायची रेष बघू नकोस लेका, ती कुठं पळून जात नाही. खडा बघ." पण याच पोरांच्या पायात बैठकांची ताकद असते, त्यामुळे सेट बसला की ती बाकीच्यांच्या पुढे निघतात.

इथवर बसण्याचं झालं. सुटताना काय? पहिली हालचाल हातांची. डावा पाय पुढे असेल तर डावा हात झटक्यात पुढे आणि उजवा मागे, कारण उजवा गुडघा पुढे येणार आहे. पुढचा पाय ब्लॉक सोडतो त्या क्षणी बाजूनं पाहिलं तर डोक्यापासून घोट्यापर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे. चांगले धावपटू ती जमिनीशी साधारण 45 अंशावर नेतात. तुमच्या पोरांची 50-55 वर आली तरी हरकत नाही. त्यापेक्षा खाली राहायला भाग पाडलं की पोरगं कमरेत वाकतं. डोकं खाली आणि बूड मागे, अशा अवस्थेत ते खाली असल्यासारखं दिसतं, पण पायाचा जोर कमरेपर्यंतच पोहोचतो. झुकणं घोट्यातून व्हायला हवं. ही गोष्ट मी भिंतीशी शिकवतो. हात भिंतीला टेकवून तिरपं उभं राहायचं, पाठीवर एक काठी ठेवायची. काठी डोक्याला, पाठीला आणि कमरेला टेकलेली राहिली पाहिजे. मग एक-एक गुडघा वर घ्यायचा. पंधरा दिवसांत अंगाला कळतं की तिरपं म्हणजे काय.

पहिलं पाऊल लहान असतं, आणि ते चवड्यावर पडतं. ते अंगाच्या खाली किंवा किंचित मागे पडायला हवं. पोराला "लहान पाऊल टाक" असं मात्र कधी सांगू नका. ते पायांची नुसती टपटप करतं, ढकलणं विसरतं आणि दहा मीटरला दमल्यासारखं दिसतं. मी फक्त "मागे ढकल" एवढंच सांगतो. नीट ढकललं तर पाऊल आपोआप योग्य जागी पडतं. पाय मागून पुढे येताना जमिनीपासून खालूनच यावा, टाच बुडाला लावायची गरज नाही. मात्र बोटं जमिनीवर घासत आणायला शिकवू नका. मोठ्यांचे व्हिडिओ बघून पोरं ते उचलतात आणि मातीवर अडखळतात. ठशाच्या मागे लांब ओरखडा दिसला की समजा, तेच चालू आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. ब्लॉक 46 आणि 69 वर नेले, कंबर खांद्यापेक्षा वीतभर वर, खांदे रेषेवर. पहिल्याच दिवशी पहिला ठसा 75 वरून 55 वर आला. तिसऱ्या आठवड्यात तो 40 सेंटीमीटरवर स्थिर झाला, टाच गायब, आणि माती ठशाच्या मागच्या बाजूला उडालेली. पुढच्या ब्लॉकपासून धरलं तर ते पाऊल 86 सेंटीमीटरचं झालं. त्यापुढची 95, 107 आणि 118. हे आकडे तुमच्या पोरांवर लादू नका, ते तिच्या उंचीचे आणि तिच्या ताकदीचे आहेत. बघायचं ते एवढंच की प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा साधारण वितीच्या निम्म्यानं मोठं होत जातं का. मध्येच एक पाऊल लहान पडलं तर त्याच्या आधीच्या पावलात ती पुढे झेपावली होती असं समजायचं. आधी तिचे ठसे 75 नंतर अचानक 80, मग 120 असे वाकडेतिकडे होते.

वेळही घेतली, पण स्टॉपवॉचवर दोन दशांश सेकंदांपर्यंतचा फरक माझ्या अंगठ्याचाही असू शकतो. वीस मीटरला तिची सुधारणा तेवढ्याच्या आसपासची होती, म्हणून मी टेपवर विश्वास ठेवला. शंभर मीटरमध्ये नवशिक्याला नीट स्टार्टमधून काही दशांश सेकंदच मिळतात, जास्त नाही. पोरगं साठ मीटरनंतर ढेपाळत असेल तर त्याचं औषध ब्लॉकमध्ये नाही.

शिकवायचा क्रम असा ठेवा की ब्लॉक सगळ्यात शेवटी येईल. पहिल्या आठवड्यात उभ्यानं पुढे पडून पळणं. पाय जोडून उभं राहायचं, घोट्यातून पुढे झुकत जायचं आणि आता पडणारच असं वाटलं की पळायचं. दुसऱ्या आठवड्यात एक हात जमिनीवर, पायांचं अंतर ब्लॉकसारखंच. तिसऱ्यात दोन्ही हात खाली, पण ब्लॉकशिवाय. मागे दुसऱ्या पोरानं आपला बूट आडवा धरला की टेकायला जागा होते, आणि एका जोडीच्या ब्लॉकमध्ये सात पोरांचं भागतं. 1936 साली बर्लिनला जेसी ओवेन्ससारखे धावपटू ट्रॅकमध्ये छोटे खड्डे करून त्यातूनच सुटले होते, ब्लॉक ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा दिसले ते 1948 ला लंडनमध्ये. तेव्हा तुमची पोरं ब्लॉकशिवाय तीन आठवडे काढू शकतात. चौथ्या आठवड्यात ब्लॉक. आठवड्यातून दोनच दिवस, दिवसाला सहा ते आठ स्टार्ट, दहा-पंधरा मीटर पळून सोडून द्यायचं आणि दोन स्टार्टमध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. दहावा-बारावा स्टार्ट थकलेला असतो, आणि थकलेल्या अंगाला चुकीचंच लक्षात राहतं. बाकी दिवशी बैठका, पायरीवर एका पायानं चढणं आणि दोन्ही पायांनी लांब उड्या.

मातीवर ब्लॉक बसवताना लांब खिळे पूर्ण ठोका आणि मागे एक दणकट पोरगं पट्टीवर पाय देऊन उभं करा. ब्लॉक एकदा जरी मागे सरकला तरी पोरगं पुढे महिनाभर घाबरून अर्ध्याच जोरानं ढकलतं. ब्लॉकच्या पाट्यांचा कोन पुढची जरा आडवी, मागची जरा उभी असा ठेवा आणि त्यात फार खेळू नका.

सेट आणि क्लॅपर यांच्यामधला वेळ रोज बदला, कधी दीड सेकंद, कधी अडीच. अनेक ठिकाणी शिक्षक ठरावीक लयीत "सेट... धाड" करतात आणि पोरं आवाज न ऐकता लयीवर सुटायला शिकतात. स्पर्धेत स्टार्टरनं जरा थांबवलं की गेली. आता 400 मीटरपर्यंतच्या शर्यतींत पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाद करतात. कधीकधी सेट म्हणून थांबवून क्लॅपर न वाजवता "उठा" म्हणा. जो सुटला त्याला कळतं की तो कान उघडे ठेवून बसलेला नव्हता.

भुदरगडकडे पाऊस जोरात असतो, त्यामुळे जून-जुलैत मातीचा पट्टा मिळणार नाही. तेव्हा व्हरांड्यात भिंतीचं काम आणि वहीच्या पानाचा खेळ करून घ्या, ठशांचं काम पाऊस ओसरल्यावर. आणि प्रत्येक पोराच्या वहीत त्याचा आकडा लिहून ठेवा, बुटांत, सेंटीमीटरमध्ये नाही. तालुक्याच्या मैदानावर ब्लॉक लावायला मिनिटभरच मिळतं, तिथे टेप शोधत बसता येत नाही. त्या मुलीच्या वहीत "2 – 3, डावा पुढे" एवढंच लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षी बूट एक नंबरनं वाढला तेव्हा मात्र आम्ही दोघंही विसरलो, आणि पहिल्या दोन सरावांत तिचा पहिला ठसा का बदलला हे शोधत बसलो.